अठरा जेवणांचा हिशेब

अस्थिव्यंग विभागाच्या महिला कक्षात त्या आजींच्या केसपेपरवर रेसिडेंट डॉक्टरांनी एक ओळ लिहिली होती. तिचा अर्थ असा होता की रुग्ण जेवण नाकारत आहे, समजावूनही ऐकत नाही, आणि दुपारपर्यंत जेवल्या नाहीत तर नाकातून नळी घालून आहार सुरू करावा लागेल. त्या ओळीखाली 'आहारतज्ज्ञांचा सल्ला' असे लिहून पुढे जागा मोकळी सोडलेली होती. ती जागा भरण्यासाठी मला पाठवण्यात आले. आहारशास्त्राची पदव्युत्तर परीक्षा देऊन मी मुंबईतल्या एका सार्वजनिक रुग्णालयात इंटर्न म्हणून रुजू झाले होते. तो माझा दुसरा आठवडा होता आणि वॉर्डात एकटीने पाहिलेली ती माझी पहिलीच रुग्ण.

आजींचे वय बहात्तर. मूळ गाव कणकवलीच्या बाजूला, आणि लग्न झाल्यापासून, म्हणजे पन्नासहून अधिक वर्षे, लालबागच्या एका चाळीत वास्तव्य. जुलैच्या पावसात, पहाटे चारच्या सुमारास, ओल्या जिन्यावर पाय घसरून त्या पडल्या आणि उजव्या खुब्याचे हाड मोडले. शस्त्रक्रिया ठरली होती, तोवर पायाला ट्रॅक्शनचे वजन लावून त्यांना उताणे निजवून ठेवले होते. लघवीसाठी नळी होती. मी गेले तो गुरुवार होता, म्हणजे त्या पडल्याला बरोबर एक आठवडा झाला होता.

मी काय केले ते आधी प्रामाणिकपणे सांगते. मी खाटेशेजारी उभी राहिले, नाव सांगितले, आणि हाड जुळण्यासाठी प्रथिने का लागतात, ती कशाकशातून मिळतात, न जेवल्यास जखम कशी भरत नाही, हे सगळे नीट, हळू आवाजात समजावून सांगितले. आजींनी शांतपणे ऐकून घेतले आणि म्हणाल्या, "माका भूक नाय गो बाय." मी आणखी थोडे समजावले. त्यांनी तोंड खिडकीकडे फिरवले. शेजारच्या खाटेवरच्या बाईंनी मला धीर देण्यासाठी म्हटले, "गुरुवार आहे ना, उपास असेल." आजींनी मान हलवली नाही, नाकारलेही नाही. मी माझ्या कागदावर लिहिले: भूक मंद, समुपदेशन केले, सहकार्य नाही.

मग मी नळीच्या आहाराचे गणित मांडले. चार महिन्यांपूर्वीच्या दवाखान्याच्या कागदावर, रक्तदाबाच्या तपासणीच्या वेळी, वजन ४६ किलो लिहिलेले सापडले होते. किलोमागे ३० कॅलरी धरून दिवसाच्या १३८० कॅलरी, किलोमागे १.२ ग्रॅम धरून सुमारे ५५ ग्रॅम प्रथिने, आणि ते सहा वेळांत विभागून प्रत्येक वेळी २०० मिलीलिटर. पुस्तकात शिकवतात तसे ते गणित नेटके झाले होते. मी ते माझ्या वरिष्ठ आहारतज्ज्ञ मॅडमना दाखवले. त्यांनी आकड्यांकडे पाहिलेच नाही. त्यांनी विचारले, "किती दिवस जेवल्या नाहीत?"

"सहा-सात दिवस," मी म्हटले.

"सहा की सात? आणि जेवल्या नाहीत म्हणजे काय? एक घाससुद्धा नाही? पाणी? चहा? आणि वजन चार महिन्यांपूर्वीचे का घेतलेस?"

एकाही प्रश्नाचे उत्तर माझ्यापाशी नव्हते. मॅडमनी रेसिडेंट डॉक्टरांना फोन करून नळीचा निर्णय एक दिवस पुढे ढकलायला सांगितले आणि मला एवढेच म्हणाल्या की, 'नाकारते' हा कुणीतरी काढलेला निष्कर्ष आहे, तू आधी काय काय घडले ते लिहून आण. शुक्रवार ते बुधवार, रोजची तीन जेवणे, सगळी मिळून अठरा. एकेका जेवणाचा हिशेब.

तो हिशेब करायला मला सबंध दुपार लागली. परिचारिकांचा रोजचा तक्ता, शस्त्रक्रियेच्या याद्या, तपासण्यांच्या नोंदी आणि शेजारच्या खाटांवरच्या बायकांची आठवण, असे चार ठिकाणांहून तुकडे जमवले. आणि जसजसे कागदावरचे एकेक घर भरत गेले तसतसा तो एकच शब्द, 'नाकारते', माझ्यासमोर फुटत गेला.

अठरापैकी चार जेवणे आजींना देण्यातच आली नव्हती. सोमवारी आणि बुधवारी त्यांचे नाव शस्त्रक्रियेच्या यादीत होते, म्हणून मध्यरात्रीपासून तोंडाने काही द्यायचे नाही असा आदेश होता. दोन्ही दिवशी अपघाताचे तातडीचे रुग्ण आले, यादी लांबली, आणि दुपारी तीनच्या पुढे कळले की आज काही नंबर लागत नाही. तोवर नाश्ता आणि दुपारचे जेवण दोन्ही निघून गेले होते. आणखी दोन जेवणांच्या वेळी त्या खाटेवरच नव्हत्या. शनिवारी दुपारी हृदयाच्या सोनोग्राफीसाठी आणि शुक्रवारी रात्री पुन्हा एक्स-रे काढण्यासाठी त्यांना स्ट्रेचरवरून नेले होते. जेवणाची ट्रॉली आली आणि गेली. उपाशी ठेवलेल्या आणि हुकलेल्या या सहा जेवणांपैकी तीन जेवणांपुढे तक्त्यात 'घेतले नाही' असेच लिहिलेले होते. लिहिणाऱ्याचा त्यात दोष नाही, कारण त्या रकान्यात 'घेतले' आणि 'घेतले नाही' याखेरीज तिसरी जागाच नसते.

उरलेल्या बारांपैकी चार नाश्ते होते, आणि चारही दिवशी आजींनी अर्धा कप चहा आणि दोन बिस्किटे घेतली होती. म्हणजे जेवण सरसकट बंद नव्हते. राहिलेली आठ जेवणे, तीन दुपारची आणि पाच रात्रीची, ताट जसेच्या तसे परत गेलेली. त्यांतही एक खोट निघाली. शेजारच्या बाई सहज म्हणाल्या, "रविवारी लेक होती ना दुपारी, तिच्या डब्यातला डाळभात अर्धी वाटी खाल्ला की त्यांनी." ताट परत गेले म्हणून तक्त्यात शून्य लागले आणि घरून आलेल्या डब्याची नोंद कुठेच झाली नाही. आपल्याकडच्या वॉर्डात हे फार घडते. ट्रॉलीतून आलेले अन्न मोजले जाते, पिशवीतून आलेले मोजले जात नाही. एखादी रुग्ण दिवसभर उपाशी आहे असे कागद सांगतो आणि उशाशी सोलकढीची बाटली असते, किंवा याच्या उलट, डबा आला म्हणून सगळे निर्धास्त असतात आणि तो डबा नातेवाइकानेच खाल्लेला असतो.

अठराचे सात झाले होते. पण मला त्या सातांपेक्षा त्या चार नाश्त्यांनी आणि रविवारच्या अर्ध्या वाटीने अडवून ठेवले. सकाळी खाणारी बाई दुपारी आणि रात्री का खात नाही? भूकच मेली असती तर सकाळीही मेली असती. मळमळ असती तर ती साधारणपणे औषधांच्या वेळांशी जुळली असती, आणि तसे काही जुळत नव्हते. मी पुन्हा त्यांच्याकडे गेले, या वेळी काही समजावायला नाही.

आधी तोंड पाहिले. सकाळी हे माझ्या मनातही आले नव्हते. टॉर्च लावून जीभ, गाल, टाळू पाहिले. पांढरा थर नव्हता, फोड नव्हते, जीभ मात्र कोरडी होती. खालचे दात एकही नव्हते. कवळी कुठे आहे असे विचारल्यावर कळले की सोमवारी शस्त्रक्रियेसाठी काढून घेतली ती मुलाच्या हातात दिली आणि मुलाने ती सुरक्षित राहावी म्हणून घरी नेऊन ठेवली. शस्त्रक्रिया झाली नाही आणि कवळी परत आली नाही. म्हणजे सोमवारनंतर ताटात येणारी चपाती आणि फरसबीची भाजी त्यांना चावताच येणार नव्हती. दोन चमचे पाणी पाजून गिळताना ठसका लागतो का ते पाहिले. लागला नाही, आवाजही ओलसर झाला नाही. खुबा मोडलेल्या वृद्ध रुग्णांत अचानक भ्रम होण्याची शक्यता असते आणि अशा अवस्थेतही माणूस अन्नाकडे पाठ फिरवतो, म्हणून वार, महिना, आपण कुठे आहोत, असे विचारले. सगळे बरोबर सांगितले. गुरुवारचा उपास मात्र त्यांनी दहा वर्षांपूर्वीच सोडला होता.

मग मोजमापे घेतली. ज्या रुग्णाला उभे करता येत नाही त्याचे वजन आणि उंची कशी घ्यायची हे परीक्षेत लिहिताना सोपे वाटते. डाव्या हाताच्या कोपराच्या टोकापासून मनगटाच्या वर आलेल्या हाडापर्यंतचे अंतर मोजून कोष्टकावरून उंची काढली, ती सुमारे १४८ सेंटिमीटर आली. ही कोष्टके परदेशी लोकांच्या मोजमापांवरून बनलेली आहेत, त्यामुळे आकड्यापुढे 'अंदाजे' हा शब्द लिहावाच लागतो. खांदा आणि कोपर यांच्या मध्यावर दंडाचा घेर घेतला, तो २०.५ सेंटिमीटर. हा घेर २३.५ च्या खाली असला की शरीराचे वजन उंचीच्या मानाने कमी असण्याची शक्यता मोठी असते. टेप गुंडाळताना कातडीखाली हाड लागत होते. सध्याचे वजन ४० किलोच्या आसपास असावे असे मॅडमनी पाहून सांगितले. ४६ वरून ४०, म्हणजे चार महिन्यांत शेकडा तेरा. हे एका आठवड्याच्या उपासमारीने होणारे नव्हते. काहीतरी मार्चपासून चालले होते.

शेवटी मी पडदा ओढून घेतला आणि स्टूल घेऊन बसले. मॅडमनी सांगून ठेवले होते की 'का खात नाही' असे विचारू नकोस, त्या प्रश्नाला सगळे 'भूक नाही' असेच उत्तर देतात, कारण त्यात आरोप असतो. एका जेवणाविषयी विचार. म्हणून मी विचारले, "आजी, काल रात्री ताट आले तेव्हा काय काय झाले, ते मला सांगाल का?"

त्या बराच वेळ गप्प होत्या. मग पडद्यापलीकडे जाणार नाही इतक्या हलक्या आवाजात म्हणाल्या, "ताट ठेवल्यानी नि गेली. मी खाल्लंय तर मगे भांडा कोण देतला?"

क्षणभर माझ्या लक्षात आले नाही. भांडे म्हणजे बेडपॅन. लघवीला नळी होती, शौचाला नव्हती. लेक रोज सकाळी सात ते नऊ येते, नंतर दादरला एका कँटीनमध्ये कामाला जाते. ती असते तेव्हाच त्या भांडे घेतात. रविवारी तिला सुट्टी असते, म्हणून रविवारी दुपारी त्यांनी डाळभात खाल्ला. मुलाला महिला कक्षात थांबता येत नाही, आणि थांबता आले असते तरी त्याच्याकडून भांडे घेणे त्यांना या जन्मी शक्य नव्हते. वॉर्डातल्या मावशी एका पाळीला एकट्या, खाटा चाळीस. त्या वाईट नव्हत्या, हे आजींनीच मला दोनदा सांगितले, पण हाक मारल्यापासून येईपर्यंत अर्धा तास जातो. शिवाय भांडे आत सरकवण्यासाठी कंबर उचलावी लागते, आणि मोडक्या खुब्यासकट कंबर उचलणे म्हणजे काय हे सांगताना त्यांनी नुसते डोळे मिटून घेतले. त्यांनी सरळ हिशेब केला होता. सकाळी लेकीसमोर जे खाऊ ते सकाळी निभते. दुपारी आणि रात्री खाल्ले तर केव्हा जावे लागेल ते सांगता येत नाही, म्हणून दुपारी आणि रात्री खायचे नाही. पाणीही त्या याच भीतीने घोटभर घेत होत्या, आणि जीभ कोरडी का हेही मला तिथेच कळले.

मी तक्ता पुन्हा उघडला. शौचाच्या रकान्यात सहा दिवसांत एकच खूण होती, रविवारची. त्यांना वेदनेसाठी ट्रामाडॉल चालू होते, आणि त्या जातीच्या औषधांनी आतड्याची हालचाल मंदावते. पाणी कमी, अन्न कमी, निजून राहणे आणि वर हे औषध, त्यामुळे पोट साफ होत नव्हते. तुंबलेल्या पोटाने खरोखरच भूक मरते. म्हणजे 'माका भूक नाय' हे त्यांचे उत्तर आता खोटेही राहिलेले नव्हते. सुरुवात भीतीने झाली होती आणि आठवड्याभरात शरीराने त्या भीतीला दुजोरा दिला होता.

शुक्रवारी सकाळी सातला मी लेकीला भेटले आणि मार्चचा उलगडा झाला. चाळीत त्यांच्या मजल्यावरचे सामाईक संडास दुरुस्तीसाठी मार्चमध्ये बंद झाले. तेव्हापासून खालच्या मजल्यावर जावे लागे, जिना उतरून, सकाळच्या रांगेत उभे राहून. आजींनी रात्रीचे जेवण सोडले. "हलकं वाटतं, असं म्हणायची," लेक म्हणाली, "आम्हाला वाटलं, वयामुळे." चार महिने रात्री न जेवता सहा किलो गेले, त्यात मांडीचे आणि दंडाचे स्नायूही गेलेच असणार, आणि एका पहाटे त्याच जिन्यावर पाय घसरला. अशक्तपणानेच त्या पडल्या असे मी छातीठोकपणे म्हणणार नाही, कारण पावसात त्या जिन्यावर तरुण माणूसही पडला असता. पण रुग्णालयात त्यांनी जे केले ते त्यांनी तिथे शिकलेले नव्हते. चाळीत जे चार महिने साधले होते तेच त्या इथे करत होत्या. ज्या बायकांनी आयुष्यभर संडासाच्या वेळेवर पोटाची वेळ बसवली आहे त्यांच्यासाठी न जेवणे हा फार जुना आणि हाताशी असलेला उपाय आहे. एवढे मला, मुंबईतच वाढलेल्या मुलीला, आधी सुचायला हवे होते.

कारण सापडल्यावर मला वाटले की आता भांड्याची सोय केली की भरपूर खाऊ घालता येईल. मॅडमनी इथे मला दुसऱ्यांदा थांबवले, आणि हे थांबवणे पहिल्यापेक्षा मोठे होते. बरेच दिवस उपाशी राहिलेले शरीर साठवलेल्या चरबीवर चालू लागते. त्याला एकदम भात, साखर, दूध असे अन्न मिळाले की इन्शुलिन वाढते, आणि रक्तातले फॉस्फेट, पोटॅशियम व मॅग्नेशियम पेशींमध्ये ओढले जातात. त्यांचा साठा आधीच रिता झालेला असतो, त्यामुळे रक्तातली पातळी झपाट्याने खाली येते, आणि त्याने हृदयाचा ठोका बिघडू शकतो, श्वासाचे स्नायू दमू शकतात. याला रीफीडिंग सिंड्रोम म्हणतात. दुसऱ्या महायुद्धाच्या शेवटी सुटका झालेल्या उपाशी कैद्यांना पोटभर अन्न मिळाल्यावर त्यांच्यातले काही दगावले, तेव्हापासून वैद्यकाला हे ठाऊक आहे. धोका कुणाला, हे ठरवण्याच्या ब्रिटिश मार्गदर्शक सूचनांनुसार, पाच दिवसांहून अधिक काळ जवळजवळ काही न खाणे, काही महिन्यांत वजनात शेकडा दहाहून अधिक घट आणि १८.५ पेक्षा कमी बॉडी मास इंडेक्स, यांपैकी कोणत्याही दोन गोष्टी असल्या तरी धोका मोठा मानतात. आजींत तिन्ही होत्या. अशा रुग्णाला सुरुवातीला किलोमागे दिवसाला फार तर दहा कॅलरी द्याव्यात आणि चार ते सात दिवसांत हळूहळू वाढवत न्याव्यात, असे त्या सूचना सांगतात.

दहा गुणिले चाळीस, म्हणजे चारशे कॅलरी. आदल्या दिवशी मी नळीतून १३८० लिहिल्या होत्या. आजी 'सहकार्य' करत्या, नळी घालू देत्या, तर माझे ते नेटके गणित त्यांच्या पोटात गेले असते. त्या रात्री घरी लोकलमध्ये उभी असताना मला याची खरी भीती वाटली, आणि ती अजून पुरती गेलेली नाही.

शुक्रवारपासून जे ठरले त्यातले निम्मे आहाराबाहेरचे होते. रेसिडेंट डॉक्टरांनी पहिल्या घासाआधी थायमिन सुरू केले, कारण पिष्टमय अन्न वापरताना शरीराला ते लागते आणि उपाशी शरीरात त्याचा साठा थोडाच असतो. फॉस्फेट आणि मॅग्नेशियम तपासायला पाठवले, ते नेहमीच्या तपासण्यांत नव्हते. पोट साफ होण्याचे औषध सुरू झाले. सिस्टरांनी भांडारातून खुबा मोडलेल्या रुग्णांसाठीचे चपटे भांडे शोधून काढले, जे कंबर फारशी न उचलता बाजूने सरकवता येते, आणि वेदनेचे औषध त्याआधी अर्धा तास देण्याचे ठरवले. मावशींशी बोलून दुपारी दोन आणि रात्री आठ या दोन वेळा ठरल्या, आजींनी हाक मारो वा न मारो, त्या वेळी त्या येतील. मला वाटते, सगळ्यांत मोठा फरक याने पडला. मदत मागावी लागणे आणि मदत ठरल्या वेळी येणे यांत त्यांच्यासाठी जमीन-अस्मानाचे अंतर होते. कवळी मुलाने त्याच संध्याकाळी आणून दिली.

आहार साधा होता. लेकीने घरून उकड्या तांदळाची पेज आणायची, एकूण चाळीस ग्रॅम तांदळाची, दोन वेळांत विभागून. एक उकडलेले अंडे, एक कप दूध, आणि सकाळचा चहा. याच्या साधारण चारशे कॅलरी होतात आणि प्रथिने अवघी पंधरा-सोळा ग्रॅम. हाड मोडलेल्या वृद्ध स्त्रीला याच्या तिपटीहून अधिक प्रथिने लागतात हे मला माहीत होते, आणि राऊंडला शस्त्रक्रियेच्या डॉक्टरांनी "इतकंच?" असे विचारले तेव्हा मॅडमनी कारण सांगेपर्यंत माझ्या घशाला कोरड पडली होती. पेजेत चिमूटभर मीठ आणि बाजूला लोणच्याची फोड आजींनी स्वतः मागितली. आठवड्याभरात त्यांनी मागितलेली ती पहिली गोष्ट होती.

शुक्रवारी दुपारी दोनला मावशी आल्या. आजींनी त्याआधी पेजेला हात लावला नव्हता. मावशी खरोखर येतात की नाही हे पाहण्यासाठी त्या थांबल्या होत्या असे मला नंतर वाटले. मावशी येऊन गेल्यावर त्यांनी अर्धी वाटी पेज प्यायली. रात्री मी नव्हते. शनिवारी तक्त्यात रात्रीच्या जेवणापुढे सिस्टरांनी 'पेज पाऊण वाटी, घरची' असे लिहिलेले होते. 'घरची' हा शब्द वाचून मला फार बरे वाटले.

सगळे सरळ झाले नाही. पहिल्या तपासणीत फॉस्फेट २.६ होते, म्हणजे सर्वसाधारण मर्यादेच्या अगदी खालच्या काठाशी. शनिवारी सहाशे कॅलरी गाठल्या आणि रविवारी सकाळी ते २.१ वर आले. पायांवर सूज नव्हती, श्वास नीट होता, आजी उलट पहिल्यांदाच गप्पा मारत होत्या. बाहेरून काहीही दिसत नव्हते. त्यांना भूक लागू लागली होती आणि नेमक्या त्याच दिवशी आम्ही आहार वाढवायचा थांबवला. डॉक्टरांनी फॉस्फेट दिले, सोमवारी पातळी वर आली, आणि मग आठशेवर गेलो. "आता जेवतंय तर तुम्हीच नको म्हणतास," असे आजी हसून म्हणाल्या. त्यांना रक्तातल्या फॉस्फेटची गोष्ट कशी सांगावी ते मला त्या वेळी जमले नाही. आज सांगायचे असते तर म्हटले असते की, खूप दिवस बंद असलेली चूल एकदम मोठी पेटवायची नसते.

शस्त्रक्रिया मंगळवारी होती. मध्यरात्रीपासून उपाशी ठेवण्याची पद्धत जुनी आहे. भूलशास्त्राच्या आजच्या नियमांप्रमाणे हलके अन्न सहा तास आधीपर्यंत आणि साधे पाणी किंवा पारदर्शक पेये दोन तास आधीपर्यंत चालतात. पण हे नियम पाळायला शस्त्रक्रियेची वेळ ठाऊक असावी लागते, आणि यादीत पाचव्या क्रमांकावर असलेल्या रुग्णाची वेळ कुणालाच ठाऊक नसते, म्हणून वॉर्ड सुरक्षित बाजू धरून सगळ्यांनाच मध्यरात्री बंद करतो. मॅडमनी भूलतज्ज्ञांना आजींचा अठरा जेवणांचा कागद दाखवला. नियम बदलला नाही, तो एका कागदाने बदलणारही नव्हता. आजींचे नाव मात्र यादीत पहिले लागले, आणि सकाळी सहाला त्यांना पाणी देण्याची परवानगी मिळाली. साडेआठला त्यांना आत नेले. माझ्या त्या दुपारच्या हिशेबाचा जर काही उपयोग झाला असेल तर तो एवढा.

शस्त्रक्रियेनंतर पाचव्या दिवशी फिजिओथेरपिस्टनी त्यांना वॉकर धरून उभे केले. मी वजनकाटा घेऊन तयार होते. दोन्ही बाजूंनी आधार देऊन, मग क्षणभर हात सोडून, आकडा वाचला: ३८.५. तोवर त्या बाराशे कॅलरींपर्यंत आल्या होत्या, तरी आकडा आमच्या अंदाजापेक्षा दीड किलो कमीच होता. मी माझ्या कागदावर ४० च्या पुढे कंसात 'अंदाज' लिहिले होते ते कायम ठेवून खाली नवा आकडा तारखेसह लिहिला, आणि पहिल्या दिवसाची 'सहकार्य नाही' ही ओळ, खोडता येत नाही म्हणून, तशीच ठेवून तिच्याखाली लिहिले: दुपारी व रात्री न खाण्याचे कारण, शौचासाठी मदत मिळण्याची खात्री नाही व वेदना. कवळी नव्हती. चार जेवणे शस्त्रक्रियेच्या तयारीसाठी बंद, दोन तपासणीमुळे हुकली.

घरी सोडताना आहाराचा कागद मी लिहिला आणि मॅडमनी त्यावर सही केली. दूध, अंडी, कुळथाची पिठी, मऊ भात, मासे, हे सगळे त्यात आहे, पण ते दुसऱ्या ओळीपासून. पहिल्या ओळीत कमोडची खुर्ची लिहिली आहे, खाटेशेजारी, रात्रीसाठी. लेकीने तो कागद वाचला आणि दहा बाय बाराच्या खोलीत ती खुर्ची कुठे मावेल याचा हिशेब भावाबरोबर तिथेच उभ्याने मांडायला लागली. कपाट सरकवायचे की देव्हाऱ्याखालचा पेटारा पोटमाळ्यावर टाकायचा, यावर दोघांचे एकमत होईना. आजी चाकाच्या खुर्चीत बसून ऐकत होत्या. शेवटी त्याच म्हणाल्या, "पेटारो काढा. कपाट रवांदे."